मांजराचा आवाज ऐकताना त्याच्या तोंडाकडेही बघा

प्रश्न: आमच्याकडे दोन मांजरं आहेत. भाटी दोन वर्षांची, दिवसभर बोलत असते. कधी म्याव, कधी ब्रर्र, खिडकीत कबुतर दिसलं की दात वाजवल्यासारखं कटकट. बोका तेरा वर्षांचा, तो कधीच फारसा बोलायचा नाही. पण दोन महिन्यांपासून पहाटे तीनच्या सुमाराला हॉलमध्ये उभा राहून मोठमोठ्यानं ओरडतो. दोघांचीही नसबंदी झाली आहे. आई म्हणते, मांजराचं रडणं चांगलं नाही. या सगळ्या आवाजांचा अर्थ काय समजायचा?

उत्तर:

बोक्याला याच आठवड्यात व्हेटकडे न्या. आयुष्यभर गप्प राहिलेलं मांजर म्हातारपणी रात्री ओरडायला लागलं की मी त्याकडे खोड म्हणून बघत नाही, आधी आजार शोधते. आणि एक गोष्ट आजच तपासा: त्याला लघवी नीट होते आहे ना? बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, पण लिटरमध्ये ओला गोळा तयार होत नाही, असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तसं असेल तर सकाळ उजाडायचीही वाट बघू नका. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. घरच्यांना बऱ्याचदा वाटतं की शी होत नाहीये, आणि घरगुती उपाय करण्यात तीच रात्र निघून जाते.

लघवी नीट असेल तर तितकी घाई नाही. बोक्याकडे परत येतेच, पण त्याचं ओरडणं भाटीच्या बोलण्यापेक्षा वेगळं का, हे कळायला आधी भाटीचं ऐकू.

मांजराचे आवाज ओळखायची मला सगळ्यात उपयोगी पडलेली खूण बरीच जुनी आहे. मिल्ड्रेड मोल्क या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९४४ मध्ये घरातल्या मांजरांचे आवाज कान देऊन टिपले आणि तोंडाच्या स्थितीवरून त्यांचे तीन गट केले. तोंड मिटलेलं ठेवून काढलेले आवाज, तोंड उघडून हळूहळू मिटताना निघणारे आवाज, आणि तोंड ताणून उघडंच ठेवून काढलेले आवाज. नंतर पुष्कळ संशोधन झालं, पण दवाखान्यात मी आजही हीच विभागणी वापरते, कारण ती घरातल्या कुणालाही लगेच जमते. कान चुकले तरी डोळे चुकत नाहीत.

तुमच्या भाटीचं ‘ब्रर्र’ पहिल्या गटातलं. ओठ मिटलेले, आवाज छोटा, शेवटाला थोडा वर चढणारा. मांजरी पिलांजवळ परत येते तेव्हा त्यांना हाच आवाज देते. मोठी झालेली मांजरं एकमेकांना ओळखीनं भेटताना आणि आपल्याला भेटतानाही तो वापरतात. यात मागणी अशी फारशी नसते. ‘मी आले’ किंवा ‘चल माझ्याबरोबर’ एवढंच असतं. भाटी ब्रर्र करून चार पावलं पुढे जाते, वळून बघते आणि परत ब्रर्र करते, तेव्हा एकदा खरंच तिच्या मागे जाऊन बघा. रिकामी वाटी, बंद दार किंवा कपाटाखाली गेलेला चेंडू, काहीतरी दाखवायचं असतं. घाबरलेलं किंवा चिडलेलं मांजर हा आवाज काढत नाही. त्यामुळे दोन मांजरांची नव्यानं ओळख करून देताना एकानं दुसऱ्याकडे बघून ब्रर्र केलं, की मला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

घुरघुर याच गटातली, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मांडीवर पसरलेलं मांजर घुरघुरतं ते समाधानानं. पण मोडलेला पाय घेऊन आलेलं मांजरही टेबलावर घुरघुरतं, आणि अखेरच्या तासांत असलेलंही. म्हणून ‘घुरघुरतंय म्हणजे दुखत नसणार’ हा निष्कर्ष काढायचा नाही. शरीर सैल आहे की आखडलेलं, डोळे अर्धवट मिटलेत की मोठे झालेत, खातंय की नाही, हे घुरघुरीपेक्षा जास्त खरं सांगतं. तिचा आणखी एक प्रकार आहे. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकॉम्ब यांनी २००९ मध्ये दाखवलं की खायला मागताना काही मांजरं घुरघुरीतच एक बारीक, रडवा, उंच सूर मिसळतात. मांजर न पाळलेल्या माणसांनाही ती घुरघुर जास्त निकडीची आणि कमी सुखद वाटली. सकाळी सहाला कानाशी येऊन घुरघुरणारं मांजर आपल्याला झोपू का देत नाही, याचं कारण हा सूर आहे.

आता म्याव. हा दुसरा गट: तोंड उघडतं आणि आवाज संपता संपता मिटतं. पिलू आईला बोलावताना म्याव करतं. मोठी झाल्यावर मांजरं एकमेकांशी बोलताना म्याव जवळजवळ सोडून देतात. माणसाजवळ वाढलेलं मांजर मात्र ते माणसासाठी ठेवतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या निकोलस निकास्त्रो यांनी पाळीव मांजरांचं म्याव आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या प्राणिसंग्रहालयातल्या आफ्रिकी रानमांजरांचं म्याव शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. घरच्या मांजरांचं म्याव आखूड आणि उंच सुराचं होतं, आणि ऐकणाऱ्यांना ते जास्त गोड वाटलं. हजारो वर्षं माणसाच्या धान्याच्या कोठारांजवळ राहता राहता या आवाजाला माणसाच्या कानाचं वळण लागलं असावं, असं मला वाटतं.

पण म्यावचा शब्दकोश बनवता येत नाही. निकास्त्रो यांनीच दुसऱ्या एका प्रयोगात वेगवेगळ्या प्रसंगी रेकॉर्ड केलेले म्याव लोकांना ऐकवले: भुकेचं, त्रासलेलं, लाडात आलेलं, बंद दारासमोरचं. प्रसंग ओळखण्यात लोकांचा अंदाज निव्वळ नशिबापेक्षा थोडाच बरा निघाला. मांजरांची सवय असलेल्यांचा जरा अधिक. कारण प्रत्येक मांजर आपल्या घरातल्या माणसांवर म्याव करून करून पाहतं आणि ज्यानं काम होतं ते ठेवतं. तुमच्या भाटीचं ‘दार उघड’ शेजाऱ्यांच्या भाटीला लागू होईलच असं नाही. तुम्हाला ते बरोबर कळतं, कारण ती भाषा तुम्ही दोघींनी मिळून बनवली आहे.

तरीही एक धागा बऱ्याच मांजरांत सारखा सापडतो: सूर कुठे जातो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या सुझान शोत्झ या ध्वनिशास्त्राच्या अभ्यासक. त्यांना असं आढळलं की खायला मिळणार या आशेनं केलेल्या म्यावचा सूर शेवटाला चढतो, आणि व्हेटकडे नेताना पिंजऱ्यात बसलेल्या मांजराचा सूर शेवटाला पडतो. हे तुम्ही स्वतः पडताळू शकता. संध्याकाळी वाटी हातात घेतल्यावरचं भाटीचं म्याव मोबाइलवर घ्या, आणि गाडीत बास्केटमध्ये असतानाचं घ्या. दोन्ही एकामागून एक ऐका. पहिलं प्रश्न विचारल्यासारखं वर जातं; दुसरं लांबतं, खाली येतं आणि तळाशी संपतं. हा उतरता, लांबलेला सूर घरात, कसलंही कारण दिसत नसताना वारंवार ऐकू यायला लागला, तर तिथे लक्ष द्या.

मागणीचं म्याव फार वाढलं असेल तर त्याला बहुतेक वेळा आपणच खतपाणी घातलेलं असतं. पाच वेळा दुर्लक्ष करून सहाव्या वेळी उठून खायला दिलं, की मांजर सहा वेळा ओरडायला शिकतं. ते थांबवायचं असेल तर खाण्याची वेळ आवाजापासून तोडावी लागते: ठरलेल्या वेळी, ती गप्प असताना वाटी ठेवायची, आणि ओरडत असताना तिच्याकडे बघायचंही नाही. पहिले काही दिवस ओरडणं वाढतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक हार मानतात. तेव्हा दिलं, की अधिक मोठ्यानं ओरडायचं असतं एवढंच मांजर शिकतं.

कबुतर बघून कटकट करणं हे वेगळंच. जबडा भराभर हलतो, दातांचा आवाज येतो, मधूनच चिवचिवल्यासारखा सूर निघतो. हा आवाज बहुतेकदा काच किंवा जाळी मध्ये असताना, भक्ष्य दिसतंय पण मिळत नाही अशा वेळी येतो. कुणी त्याला नुसती तडफड म्हणतं, कुणी मानेवर दात रोवण्याच्या हालचालीची उजळणी. एक शक्यता अशीही की मांजर भक्ष्याच्या आवाजाची नक्कल करतं. ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलात २००५ मध्ये संशोधकांनी मार्गे नावाच्या रानमांजराला माकडाच्या पिलांसारखा आवाज काढताना पाहिलं होतं. तुमच्यासाठी मुद्दा एवढाच की हा आजार नाही. खिडकीची जाळी पक्की आहे का, तेवढं मात्र बघा, कारण त्या क्षणी मांजराला उंचीचं भान नसतं. कबुतरावर झेप घेऊन गॅलरीतून पडलेली मांजरं आमच्याकडे नेहमी येतात. आणि कटकट झाल्यावर पाच मिनिटं दोरीचं खेळणं पकडू द्या. ती शांत होते.

तिसरा गट, तोंड ताणून उघडं ठेवलेला. फिसकारणं, तोंड उघडून गुरगुरणं, आणि लांब ओरडणं. पहिली दोन सगळ्यांना कळतात: ‘अंतर ठेव.’ फिसकारणारं मांजर दुष्ट नसतं, घाबरलेलं असतं. त्याला ओरडू नका, जायला वाट द्या. लांब ओरडण्याचे मात्र अर्थ बरेच आहेत, आणि आईंनी ज्याला रडणं म्हटलं ते हेच.

आपल्याकडे रात्री ऐकू येणारं मांजरांचं ‘रडणं’ बहुतांशी माजाचं किंवा बोक्यांच्या भांडणाचं असतं. नसबंदी न झालेली भाटी चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. पुढचं अंग जमिनीला टेकवते, मागचं उचलते, शेपटी बाजूला करते, लोळते आणि दिवसरात्र बोक्यांना हाका मारते. काही दिवसांनी थांबते, आणि समागम झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सुरू करते. बाहेर दोन बोके समोरासमोर, कान मागे, एकमेकांच्या तोंडाशी तोंड आणून चढउतार करत तासभरही ओरडतात. यात अशुभ काही नाही, आणि त्यांच्यावर पाणी फेकल्यानं सुटतही नाही, नसबंदीनं सुटतं. तुमच्या घरात दोघांची नसबंदी झालेली आहे, म्हणून ही दोन्ही कारणं बाजूला ठेवू.

तेरा वर्षांचा बोका, पहाटे तीन, समोर दुसरं मांजर नाही. आता उरतात ती कारणं अशी: रक्तदाब वाढणं, किडनी थकणं, थायरॉइड जास्त काम करणं, सांधे किंवा दात दुखणं, ऐकू किंवा दिसेनासं होणं, आणि म्हातारपणामुळे मेंदूचा गोंधळ. शेवटचं निदान बाकीची सगळी तपासून झाल्यावरच करायचं. ‘वय झालंय, चालायचंच’ हे वाक्य तपासणीच्या आधी म्हटलं, की बरा होऊ शकणारा त्रास राहून जातो.

असाच एक बोका माझ्याकडे आला होता, त्याची हकिगत सांगते म्हणजे तपासणी कशी पुढे जाते ते कळेल. वय चौदा, नसबंदी झालेला, तीन महिन्यांपासून रात्री दोन ते चारच्या दरम्यान पॅसेजमध्ये उभा राहून ओरडणं. घरच्यांनी व्हिडिओ आणला होता, आणि निम्मं काम त्या व्हिडिओनंच केलं. तो कुणाकडेही बघत नव्हता. तोंड पूर्ण उघडं, आवाज जड आणि लांब, प्रत्येक वेळी शेवटाला खाली येणारा. दिवा लागला तरी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या होत्या. घरच्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, पण त्यांना त्या ओरडण्याशी संबंधित वाटत नव्हत्या: पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतं, आणि लिटरमधले गोळे पूर्वीपेक्षा मोठे झालेत.

वजन वर्षभरापूर्वीच्या ४.९ किलोवरून ४.२ किलोवर आलं होतं. बीपी घेण्याआधी त्याला दहा मिनिटं शांत खोलीत, घरच्यांच्या मांडीजवळ बसू दिलं, कारण घाबरलेल्या मांजराचं बीपी उगाचच जास्त येतं. पुढच्या पायाला लहान पट्टा बांधून ओळीनं सहा-सात वेळा मोजलं, पहिलं सोडून दिलं आणि बाकीच्यांची सरासरी काढली: २०५. मांजरात १६० च्या वर गेलं की आम्ही सावध होतो, आणि १८० च्या वर डोळे, मेंदू, हृदय, किडनी यांना इजा होण्याचा धोका मोठा असतो. डोळ्यात पाहिलं तर पडद्यावर बारीक रक्तस्राव होता. रक्तात किडनीचं काम दाखवणारं क्रिॲटिनिन वाढून २.४, लघवी पातळ, थायरॉइड ठीक. म्हणजे किडनी मंदावलेली, त्यातून बीपी वाढलेलं, आणि त्यामुळे नजर अधू व्हायला लागलेली. रात्री अंधारात, सगळे झोपलेले असताना तो बिचारा गोंधळून हाका मारत होता.

बीपी उतरवणारं अम्लोडिपिन सुरू केलं, किडनीसाठी आहार बदलला, पॅसेजमध्ये मंद रात्रदिवा लावायला सांगितलं. दोन आठवड्यांनी बीपी १५० वर आलं आणि ओरडणं बरंच कमी झालं, पण थांबलं नाही. उरलेलं ओरडणं व्हिडिओत वेगळंच दिसलं: आता तो बेडरूमच्या दाराकडे तोंड करून ओरडत होता, आवाज आखूड होता, तोंड मिटत होतं आणि सूर वर चढत होता. तीन महिने रात्री त्याला गप्प करायला कुणीतरी उठून खायला देत होतं, आणि तो तेवढ्यात शिकला होता. दुखण्याचं ओरडणं गेलं, मागणीचं म्याव राहिलं. त्यासाठी झोपण्याआधी उशिरा एक जेवण ठेवलं आणि पहाटे उठणं बंद केलं. काही आठवड्यांत तेही गेलं. आधी आजार बरा न करता नुसतं दुर्लक्ष करायला सांगितलं असतं, तर नजर अधू होत चाललेल्या मांजराला अंधारात एकटं सोडल्यासारखं झालं असतं. म्हणून हा क्रम उलटा करायचा नाही.

तुमच्या बोक्यासाठी आता एवढं करा. दोन-तीन रात्री मोबाइल लावून ठेवा आणि व्हिडिओत तीन गोष्टी बघा: तोंड उघडंच राहतं की मिटतं, सूर चढतो की पडतो, आणि तो कुणाकडे बघून ओरडतो. तो पाठमोरा असताना, त्याला हवेचा झोत किंवा जमिनीची थरथर लागणार नाही इतक्या लांबून टाळी वाजवा; कान हलले नाहीत तर ऐकू कमी येत असेल, आणि बहिरी मांजरं आपलाच आवाज ऐकू येत नसल्यानं फार मोठ्यानं ओरडतात. सोफ्यावर पूर्वीसारखी उडी मारतो का, की आधी थांबून विचार करतो, हे बघा. थांबत असेल तर सांधे दुखत असतील. दिवसभरात किती पाणी पितो ते मोजून लिहा. वजन करा: तुम्ही त्याला घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या, आणि फरक काढा.

व्हेटकडे गेल्यावर बीपी, डोळे, तोंड, क्रिॲटिनिन, थायरॉइडसाठी टी-४ आणि लघवी या तपासण्या मागा. सगळ्या दवाखान्यांत मांजराचं बीपी मोजायचं यंत्र नसतं, म्हणून जाण्याआधी फोन करून विचारा. एखाद्या सकाळी तो वस्तूंवर आपटायला लागला, बाहुल्या मोठ्या राहून उजेडातही लहान होत नाहीत असं दिसलं, तर वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी जा. वाढलेल्या बीपीनं डोळ्याचा पडदा सुटला असेल, तर नजर वाचायची संधी फार थोडा वेळ असते.

घरातली माणसांची औषधं त्याला देऊ नका. अम्लोडिपिन माणसांचंही औषध आहे, पण मांजराची मात्रा गोळीचा छोटा तुकडा असते आणि ती बीपी मोजूनच ठरते. पॅरासिटामॉल तर एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते, आणि ‘रात्री कण्हत होता म्हणून दिली’ असं सांगत लोक येतात तेव्हा अनेकदा फार उशीर झालेला असतो. तोवर रात्री तो ओरडला तर मोठा दिवा न लावता हळू आवाजात त्याचं नाव घ्या, हात लावण्याआधी त्याला वास घेऊ द्या, आणि लिटर बॉक्स व पाणी तो झोपतो त्याच खोलीत ठेवा.